तळाव सामे

आमच्या ह्यांना टपालखात्यात सगळे ‘कप्पेमास्तर’ म्हणायचे. चौतीस वर्षं भिंतीतल्या कप्प्यांसमोर उभं राहून पत्रं लावली. कुठल्याही लिपीतलं, कितीही वाकडंतिकडं अक्षर असो, हे पाकीट उचलणार, खालच्या ओळीवर एक नजर टाकणार आणि बरोबर कप्प्यात भिरकावणार. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, ‘ह्यांच्या हातून पत्र चुकत नाही.’ साहेब बोलून गेले आणि भोगते आहे मी.

लेकीच्या परीक्षेचं केंद्र आलं परमुलखात, पाट्या सगळ्या गुजराती. सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकेच्या जागेसाठी परीक्षा होती. आधी दोनदा थोडक्यात हुकलेली. पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडणार, म्हणजे ही शेवटची. तीन वर्षं पोर खासगी दवाखान्यात बारा-बारा तास उभी राहून, घरी येऊन पुस्तक उघडत होती. मी ठरवलं होतं, त्या दिवशी तिला कसलाही ताप होऊ द्यायचा नाही. ताप माझ्या शेजारीच बसून आला.

बसमध्ये ह्यांची शिकवणी सुरू झाली. पाकिटांवरून ह्यांनी गुजराती अक्षरं स्वतःची स्वतः शिकून घेतली होती, लहानपणी लेकीलाही थोडीफार शिकवली होती, ते खरंच आहे. खिडकीतून दुकानं दिसायला लागली तसा ह्यांना ऊत आला.

“अगं, हे मराठीच आहे. नुसती वरची रेघ पुसलीय. ते बघ, ‘बपोरे बंध’. आपली दुपार ती त्यांची बपोर. दोन प्रहर झाले ना? आपण ‘दु’ घेतला, त्यांनी ‘बे’ घेतला. बे एके बे म्हणतोस ना, तोच बे.”

“म्हणतेस,” मी म्हटलं. “मी बाई आहे.”

“आणि ‘डाबी बाजु’ म्हणजे आपली डावी बाजू. आपला ‘आ’ तो त्यांचा ‘ओ’. दरवाजा, दरवाजो. सोपं आहे गं!”

पुढच्या बाकावरच्या माणसाने दोनदा वळून बघितलं. लेक डोळे मिटून ओठातल्या ओठात औषधांची प्रमाणं घोकत होती. मी म्हटलं, “उतरल्यावर फोनवर भाषांतर बघू या, ती सोय असते म्हणे.” ह्यांनी असा चेहरा केला, जणू मी दुसरा नवरा करायचं बोलले. “फोन कशाला? मी आहे ना!”

बस पाऊण तास उशिरा पोचली. साडेनऊला दार बंद होणार, नंतर कुणालाही आत घेणार नाही, असं प्रवेशपत्रावर ठळक लिहिलेलं. आम्ही शाळेसमोर उतरलो तेव्हा नऊला दहा कमी होते. लोखंडी फाटक, त्याला हे एवढं कुलूप, आणि आसपास चिटपाखरू नाही. फाटकावर पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर शाईच्या पेनाने पाच ओळी.

हे पुढे झाले. चष्मा कपाळावर सरकवला.

“दरवाजो बंध. ते दिसतंयच. परीक्षा... हां. कन्या शाळा, तळाव सामे. झालं! कन्याशाळा, तळ्यासमोर. परीक्षा तिकडे हलवलीय.”

“पाच ओळींत एवढंच?”

“बाकी पाल्हाळ असतो गं. सूचना, नियम. पत्ता नेहमी शेवटी असतो.”

“कुणाला तरी विचारू या ना.” समोर एक बाई ओटा झाडत होती. ती दोन वाक्यांत सांगून मोकळी झाली असती.

“विचारायचं काय त्यात? धडधडीत लिहिलंय. आणि बघ की, इथे एक तरी पोरगी दिसतेय का? सगळ्या तिकडे पोचल्या असणार. वेळ घालवू नकोस.”

लेकीने कागदाचा फोटो काढला आणि फोन माझ्याकडे दिला, कारण आत फोन न्यायला बंदी होती. ह्यांनी तेवढ्यात रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला ऐटीत म्हणाले, “कन्या शाळा, तळाव सामे.” तो मुंडी हलवून निघालाच. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बघ, कळलं की नाही त्याला! कळणारच. त्याला जिथे ने म्हटलं तिथे तो नेणार. आम्हाला तिथे जायचंय का, हे त्याला कसं कळणार?

तळं निघालं गावाच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत रेल्वेचं फाटक, तिथे मालगाडी. मी डबे मोजायला लागले आणि सोडून दिले. लेक काही बोलत नव्हती. तिचा एक पाय सारखा हलत होता.

पोचलो तेव्हा नऊ वाजून बारा मिनिटं. शाळेचं दार सताड उघडं, कुणी प्रवेशपत्र विचारेना, कुणी पिशवी तपासेना. आत मोठा हॉल, पंखे, पाण्याचं पिंप, आणि बाकांवर माणसंच माणसं. कुणी पेपर वाचतंय, कुणी डबा उघडून बसलंय, एक आजोबा चप्पल उशाला घेऊन आडवे. सगळे आमच्या वयाचे. परीक्षा द्यायच्या वयाचं एक माणूस त्या हॉलमध्ये असेल तर शपथ.

मी ह्यांची बाही ओढली.

“अहो, हे परीक्षेला बसलेत का?”

“वर्ग वरच्या मजल्यावर असतील,” हे म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता.

दाराच्या वर फळ्यावर खडूने एक ओळ होती. मला ती अक्षरं नीट लागत नाहीत. “काय लिहिलंय ते वाचा. अर्थ सांगू नका. नुसतं वाचा.”

“वालीओ माटे बेसवानी व्यवस्था.”

ह्यांनी वाचलं, तसंच परत एकदा वाचलं. ह्यांना अक्षरं दिसतात, ऐकू येत नाहीत. मला ऐकू आलं. बेसवानी व्यवस्था, म्हणजे बसण्याची व्यवस्था. ती तर समोर दिसतच होती. आणि वाली. ज्याला कुणी नाही त्याला आपण काय म्हणतो? त्याला कुणी वाली नाही. वाली म्हणजे सांभाळणारं माणूस. आईबाप!

“अहो, हे आपल्याला बसायला आहे! पोरीला नाही!”

मी पिशवीतून फोन काढला, फाटकावरच्या कागदाचा फोटो मोठा केला आणि ह्यांच्या नाकासमोर धरला. “आता वरून वाचा. पहिल्या ओळीपासून. एक शब्द जरी गाळलात तर इथेच ओरडेन.”

ह्यांनी बोट ठेवून वाचलं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण बोट ठेवून वाचताना ह्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

“मुख्य दरवाजो बंध छे. परीक्षा आ ज मकानमां छे...”

“थांबा. मकान म्हणजे इमारत. ‘आ ज’ काय?”

“आ म्हणजे... हा, ही. आ ज म्हणजे ह्याच.” ह्यांचं बोट तिथेच थांबलं. “परीक्षा ह्याच इमारतीत आहे.”

“पुढे!”

“पाछळना दरवाजेथी आववुं.”

“बेसवुं म्हणजे बसावं, तर आववुं म्हणजे यावं. पुढचा दरवाजा बंद म्हटल्यावर यायला उरतो कुठला? मागचा! आणि मग?”

“वालीओने बेसवा माटे.” मग त्यांनी ती शेवटची ओळ वाचली, अगदी हळू. “कन्या शाळा, तळाव सामे.”

म्हणजे लिहिणाऱ्या बिचाऱ्याने सगळं सांगितलं होतं. पोरीने कुठून यायचं तेही आणि आईबापांनी उन्हात तिष्ठत न बसता कुठे टेकायचं तेही. आमच्या कप्पेमास्तरांनी मधलं सगळं वगळून खालची ओळ उचलली आणि पोटच्या पोरीला पाकिटासारखं त्या कप्प्यात टाकून दिलं. पाकिटाला चालतं ते. पाकिटावर वर नाव असतं, मध्ये गल्ली असते, लावणाऱ्याला फक्त गावाशी काम. ह्या कागदावर खाली गाव नव्हतं हो!

तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं, कारण नऊ वाजून सोळा मिनिटं झाली होती.

रिक्षा मिळायला तीन मिनिटं गेली. ह्या खेपेला मी पुढे झाले, मोडक्यातोडक्या हिंदीत परीक्षा, शाळा, मागचा दरवाजा असं हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, “पाछळनो दरवाजो? बेसो, बेन.” एका झटक्यात कळलं त्याला. विचारलं की कळतं. एवढं साधं असतं.

रेल्वेचं फाटक उघडं होतं म्हणून वाचलो. वाटेत हे एकदाच बोलले, “माझं चुकलं.” मी म्हटलं, “आत्ता नको.” लेक सीटच्या कडेवर बसली होती, एका हातात प्रवेशपत्र, दुसऱ्या हातात पेन.

शाळेला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरलो तर एक लहान दार, अर्धं लोटलेलं, आणि चौकीदार घड्याळाकडे बघत उभा. साडेनऊला दोन मिनिटं होती. लेक रिक्षा थांबायच्या आत उतरली. त्याने प्रवेशपत्र पाहिलं, यादीत बोट फिरवलं, आत जा म्हणून खूण केली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. राग आवरत नव्हता, तो भलतीकडेच बाहेर पडला. “बघितलंस ना तुझ्या बाबांचं वाचन! बरं झालं, वेळेत कळलं मला.”

ती उंबऱ्यावर वळली. चेहरा शांत होता, दमलेला होता.

“मला तिथेच कळलं होतं, आई. ‘आ ज मकान’ दिसलं होतं मला.”

“अगं मग बोलली का नाहीस?”

“बाबा वाचत होते ना,” ती म्हणाली आणि आत गेली.

चौकीदाराने दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.

बाबा वाचतायत, मध्ये बोलू नको. हे घरात कोण म्हणायचं? ह्यांनी कधीच म्हटलं नाही. ह्यांना तर वाचताना कानाशी ढोल वाजला तरी कळत नाही. म्हणायचे मी. ती बोबडं बोलायची तेव्हापासून, तोंडावर बोट ठेवून.

सकाळपासून मी एकाच माणसावर चिडले होते. तो माणूस गल्लीत माझ्या शेजारी मान खाली घालून उभा होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

“तिला कळलं होतं?” ह्यांनी विचारलं. “मग मला टोकलं का नाही तिने?”

“मी शिकवलं नाही,” मी म्हटलं.