पिन कुणाला सांगितला?

कामथडीत माझं बँकेचं ग्राहक सेवा केंद्र आहे. दहा बाय बाराचा गाळा, एक कॉम्प्युटर, अंगठा घ्यायचं यंत्र, कार्ड घासायचं यंत्र आणि मी. मी म्हणजे संजीवनी. माझा आवाज मोठा आहे असं गावात म्हणतात, ते खरंच आहे. लोक काउंटरवर कार्ड ठेवतात आणि चारचौघांत पिन सांगून मोकळे होतात, "लिव गं, सत्तावीस त्रेचाळीस." मग मी ओरडते. "पिन सांगायचा नाही! मलाही नाही, बायकोलाही नाही. आपल्या हातानं दाबायचा!" सात वर्षं ओरडतेय. आता शाळेतली पोरंही माझी नक्कल करतात.

सावळाराम तात्या माझं ऐकणाऱ्यांपैकी. अख्ख्या गावात मला त्यांच्याइतकं गुणी गिऱ्हाईक दुसरं मिळालं नाही. पिन दाबताना यंत्रावर टोपी धरायचे. मी मुद्दाम वाकून बघितल्यासारखं करायचे, मग तात्या म्हणायचे, "ए पोरी, तिकडं बघ."

त्या गुरुवारी दीड वाजता तात्या आले ते हसतच. हातात पेढ्यांचा पुडा.

"गाडी इकली बघ," ते म्हणाले. "अठरा हजाराला. पैसं आल्यात, तेवढं काढून दे. आन् पेढा घे आदी."

गाडी म्हणजे त्यांची जुनी बैलगाडी. बैल जाऊन चार वर्षं झाली होती, गाडी गोठ्यात नुसती उभी होती. अशा गाड्या हल्ली हायवेवरचे हॉटेलवाले घेतात, रंगवून दारात ठेवतात. तात्यांचा मुलगा सोमनाथ टेम्पोवर असतो. त्यानं कोल्हापूरचं भाडं घेऊन निघायच्या आधी मोबाईलवर गाडीचे फोटो विक्रीसाठी टाकले होते आणि खाली तात्यांचा नंबर दिला होता.

पैसे कशाला हवेत ते मला ठाऊक होतं. सोमनाथची मुलगी सोनिया पाच वर्षांची, जन्मापासून ऐकायला जवळजवळ शून्य. शिबिरातलं फुकट मशीन मिळालं होतं, पण तिला ते पुरत नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांची चांगली मशीनं सांगितली होती, बहात्तर हजारांची. दहा दिवसांपूर्वी तिथं लावूनही बघितली होती. बाईंनी मागून टाळी वाजवली आणि पोरीनं वळून बघितलं. तात्यांनी ती टाळी गावात निदान पन्नास जणांना वाजवून दाखवली असेल. बाई असंही म्हणाल्या होत्या की बोलणं शिकायचं वय निघून चाललंय, आता एकेक महिना मोलाचा आहे. खात्यात पंचावन्न हजार सहाशे चाळीस होते. गाडीचे आले की झालं. सोमवारची वेळ घेतली होती.

"अंगठा ठेवा," मी म्हणाले.

स्क्रीनवर आकडा आला. एकशे पंचेचाळीस.

मी अंगठा पुसायला लावला, पुन्हा ठेवायला लावला. जणू मळक्या अंगठ्यानं पैसे कमी दिसतात! पुन्हा एकशे पंचेचाळीस.

"तात्या, मोबाईल द्या इकडं."

बँकेचे पैशांचे मेसेज तीन होते. पहिला पाच रुपये जमा झाल्याचा. मग एकोणपन्नास हजार, मग सहा हजार पाचशे. हे दोन्ही गेल्याचे. मेसेज इंग्रजीत. तात्यांना इंग्रजी आकडे वाचता येतात, पण आकड्याच्या शेजारी आलेत की गेलेत हे लिहिलेलं वाचता येत नाही. पुढच्या मेसेजांचे आकडे बघून त्यांना वाटलं होतं की हॉटेलवाल्यानं चुकून जास्त पाठवले. जास्तीचे परत कसे करायचे तेही ते मला विचारणार होते.

"पैसे आले नाहीत, तात्या. गेले."

"कुठं गेलं?"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं.

एकेक प्रश्न विचारून तात्यांकडून कळलं ते असं. सकाळी दहाला फोन. माणूस मराठी बोलणारा, गोड. खेड शिवापूरजवळ हॉटेल आहे म्हणाला, भाव केला नाही, चाकं शाबूत आहेत का एवढंच विचारलं. आधी इसार म्हणून पाच रुपये पाठवले आणि ते खरंच आले. मग एक लिंक पाठवली. "काका, पैसे घ्यायला हे उघडा." उघडलं तर वर बँकेसारखं चिन्ह. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, पिन. तात्यांनी सगळं भरलं. मग मोबाईलवर सहा आकडे आले, ते त्या पानानं मागितले. तेही भरले. "पहिल्यांदा अडकलं काका, परत एकदा," म्हणाला. परत भरले.

"पैसे घ्यायला पिन लागत नाही, तात्या! पिन लागतो तो पैसे द्यायला! आपल्या खिशात पैसे टाकणारा आपल्याकडं कुलपाची किल्ली मागतो का?" मी ओरडले. "मला एक फोन नाही करायचा?"

"इसार घेतला व्हता पोरी," तात्या म्हणाले. "इसार घेतल्यावर मागं कसं फिरायचं? त्यो म्हनला असता, म्हातारा शब्दाचा न्हाई."

पाच रुपयांचा इसार. बैलबाजारात तात्यांनी आयुष्यभर इसार घेतल्यावर दोन हजार जास्त देणाऱ्याला परत पाठवलं होतं. त्या चोराला हे ठाऊक असेल की नुसता अंदाज, देव जाणे.

मी १९३० ला, सायबर चोरीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन लावला. लागेना. एका हातानं तो, दुसऱ्या हातानं बँकेचा नंबर. बँकेचा आधी लागला, कार्ड बंद केलं. एकशे पंचेचाळीस रुपये वाचवले आम्ही. एकोणिसाव्या खेपेला १९३० लागला. तिकडच्या मुलीनं शांतपणे खातं, रक्कम, व्यवहाराचे नंबर, वेळ सगळं घेतलं आणि तक्रारीचा नंबर पाठवला. "किती वेळ झाला?" तिनं विचारलं. पैसे गेले होते अकराला. एक वाजेपर्यंत तात्या घरात पोरीला खेळवत होते, मग पेढे घ्यायला गेले होते. मुलगी म्हणाली, "जितक्या लवकर कळवाल तितकं बरं असतं." म्हणाली ते बरोबरच होतं. तरी मला तिचा राग आला.

शुक्रवारी तात्यांना घेऊन शाखेत गेले. आधी पोलीस ठाण्यात तक्रारीची प्रत दिली. शाखेतले साहेब माणूस म्हणून चांगले. त्यांनी बघून सांगितलं की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात आणि पुढे एटीएममधून गेलेत. एका खात्यात तेराशे रुपये गोठवलेत, ते कोर्टाचा आदेश झाल्यावर मिळतील. मग त्यांनी फॉर्म दिला. फॉर्म इंग्रजीत, तो भरायचं काम माझं. मी एकेक प्रश्न मराठीत विचारत होते, तात्या उत्तर देत होते. सहावा प्रश्न आला.

"आपण पिन किंवा ओटीपी कुणाला सांगितला होता का?"

"न्हाई," तात्या म्हणाले.

मी पेन थांबवलं.

"न्हाई सांगितला. त्यानं इचारलाबी न्हाई. म्या माझ्या हातानं दाबला. घरात पोरीबिगर कुणी नव्हतं, तरी टोपी धरली व्हती वरनं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. शाळेतलं पोर बरोबर उत्तर देऊन गुरुजींकडं बघतं तसं. "तूच सांगितलंयस ना, सांगायचा न्हाई, दाबायचा?"

सात वर्षं मी घसा फोडून जे शिकवलं ते ह्या माणसानं अक्षरशः पाळलं होतं. कुठं दाबायचा आणि कुठं नाही, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोक्यात यंत्र एकच होतं, काउंटरवरचं. त्यांच्या डोक्यात मोबाईलही यंत्रच.

मी "नाही"वर खूण केली. साहेबांनी फॉर्म वाचला, आणि पेनानं तीच खूण हलकेच गोल केली.

"ताई, त्यांनी स्वतः टाकलाय. ओटीपी बरोबर पडलाय, दोन्ही वेळा. बँकेच्या भाषेत हे दिल्यासारखंच. मी वर पाठवतो, उत्तर यायला दोन-तीन महिने लागतील. पण उगीच आशा नका लावू."

"अहो पण त्यांनी सांगितला नाही!" मी ओरडले. सगळी शाखा वळून बघायला लागली. मी कुणावर ओरडत होते ते मलाच कळत नव्हतं. तात्यांनी माझ्या हाताला धरून मला बाहेर आणलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "त्येंच्या हातात काय हाय?"

सोमनाथ शनिवारी आला. बापाला एक अक्षर बोलला नाही, आणि तात्यांना तेच जास्त लागलं. सोमनाथनं पुण्याला फोन केला. डॉक्टरीणबाईंनी वेळ पुढं ढकलली, पण पैशाशिवाय मशीन देणं त्यांच्या हातात नव्हतं. मी माझ्याकडचे नऊ हजार देऊ केले. तात्यांनी घेतले नाहीत.

सोमवारी सकाळी मी त्यांच्याकडं गेले, एका सहीचं निमित्त काढून. सोनिया ओसरीवर तयार बसली होती. नवा फ्रॉक, तेल लावून दोन वेण्या. पुण्याला जायचंय हे तिला दहा दिवसांपूर्वीच बोटांवर दिवस दाखवून सांगून ठेवलं होतं, आणि पोर दिवस मोजत होती. मला बघून तिनं कानामागं बोट वाकडं करून दाखवलं. मशीनची खूण.

घरात तिच्याशी बोलायच्या दहा-बारा खुणा होत्या. जेवण, पाणी, गाय, बाबा. गालाखाली हात घेऊन डोळे मिटले की "उद्या", म्हणजे एकदा झोपून उठल्यावर. "पैसे चोरीला गेले" ह्याला खूण नव्हती. "कधी ते माहीत नाही" ह्यालाही नव्हती.

तात्या तिच्यासमोर उकिडवे बसले. हात वर केला, खाली घेतला. माझ्याकडं बघितलं. मी, जिचा आवाज वेशीपर्यंत जातो, तिथं नुसती उभी राहिले. शेवटी त्यांनी गालाखाली हात घेतला आणि डोळे मिटले.

उद्या.

सोनियानं मान हलवली. आत जाऊन फ्रॉक काढून नीट घडी घालून ठेवला.

मंगळवारी सकाळी ती तोच फ्रॉक घालून ओसरीवर बसली होती. बुधवारीही.