खोकून आत या

माझी बायको सुगंधा गेल्याचं कळलं तेव्हा मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर ड्यूटीला होतो. तिचा भाऊ खंडू पार कोपऱ्यावरून येत होता. चेहरा दिसायच्या आधी त्याची चाल दिसली आणि मला कळलं. तेव्हा माझी लांबची नजर एवढी चांगली होती.

मिल बंद पडल्यावर ही वॉचमनची नोकरी मिळाली होती. घरात गोड बंद होतं, कारण मला साखर. सुगंधा सकाळ-संध्याकाळ गोळी हातावर ठेवायची आणि साखरेचा डबा पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवायची. किल्ली कुठे ते मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायची, "तुझ्यासारख्या चोराला सांगू?"

तेराव्यानंतर नातेवाइकांनी मला एकेक करून जेवायला नेलं. आमच्यात तशी रीत आहे, दुःख झालेल्याला घरी बोलवून गोड खायला घालायचं. प्रेमावहिनीकडे श्रीखंड, सहदेवकडे जिलेबी, सुंदराबाईंकडे पुरणपोळ्या. नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. मला तर मुळीच वाईट वाटत नव्हतं. गोळीची आठवण करणारं कोणी उरलं नव्हतं.

एके दिवशी पेपर उचलला आणि वाचायच्या चष्म्याशिवाय वाचून काढला. खंडूला म्हटलं, "बघ, बहीण गेली आणि जाताना माझा नंबर घेऊन गेली."

"तोंड सुकलंय तुझं. किती पाणी पितोस रे?" तो म्हणाला.

"उन्हाळा आहे."

पण गेटवर वाट लागली. सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र कर्णिक, त्यांना मी अडवलं आणि कोणाकडे जायचंय विचारलं. त्याच दुपारी एका भंगारवाल्याला चेअरमन समजून सलाम ठोकला. तो बिचारा सलाम परत करून सरळ आत गेला.

कर्णिक म्हणाले, "जयवंत, या आठवड्यात चष्मा करा. नाहीतर गेटवर दुसरा माणूस बसेल."

मी स्टेशनजवळ श्यामसुंदरच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. बाकावर कर्णिकांची सून मृणालिनी बसली होती. तिला आठवा महिना चालू होता.

"कोण, जयवंतकाका ना?" डोळे बारीक करून तिने विचारलं.

"हो. तू मृणालिनीताई ना?"

आम्ही दोघंही हसलो.

श्यामसुंदरने माझ्या डोळ्यांवर जड फ्रेम चढवली आणि एकेक भिंग बदलत गेला. समोरच्या पाटीवरची अक्षरं स्पष्ट झाली.

"बस, हाच नंबर. झकास दिसतंय. बनव."

"नाही बनवणार," तो म्हणाला. "दिवाळीत तुम्हाला लांबचा नंबर नव्हता. आता एकदम मायनस आलाय आणि जवळचं चष्म्याशिवाय वाचता. गोड किती खाताय?"

मी बोटं मोजायला लागलो.

"साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर हलतो. साखर उतरली की तो पुन्हा हलणार. आज चष्मा केला तर महिन्याभरात तो माझ्या तोंडावर फेकायला याल. आधी डॉक्टरकडे जा. साखर ताब्यात येऊन महिना-दीड महिना तशीच राहिली की मग या."

"तोवर माझी नोकरी?"

"मलाही परत पाठवतोय हा, काका," मृणालिनी म्हणाली.

"तुमच्या अंगावर पाणी आहे, ताई. डोळ्याचा वरचा पडदा त्याने थोडा सुजतो. बाळंत होऊन दोन-तीन महिने जाऊ द्या, बहुतेक जुना चष्माच चालेल. बीपी तेवढं आजच दाखवा. डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं तर थांबू नका."

मी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी निळ्या औषधात माझी लघवी घालून नळी तापवली. रंग विटेसारखा लाल झाला, म्हणजे साखर भरपूर. डॉक्टरांनी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणाकडे लग्न होतं?"

"नाही," मी म्हणालो. "तेरावं होतं."

मला नंतर कळलं, घरी कर्णिकांनी सुनेला विचारलं, "तुझा चष्मा?" तिने श्यामसुंदरचं सगळं सांगितलं. ते थांब म्हणाले, तशी ती म्हणाली, "मामंजी, मला थांबायला सांगता, मग काकांना का नाही?" मग तिनेच तोड काढली. ओळखीच्या माणसाने गेटमध्ये शिरताना दोनदा खोकायचं. जो खोकणार नाही, त्याला मी अडवायचं.

सगळी बिल्डिंग खोकायला लागली. पाहुण्यांना वाटलं, साथ आली. कर्णिक सगळ्यांत मोठ्याने खोकत.

मी गोळी पुन्हा चालू केली. नंबर काही दिवस हलला, एक दिवस बरं, एक दिवस धुरकट. मग गेटवरून कोपरा दिसायला लागला आणि पेपर धूसर झाला. जुना वाचायचा चष्मा पुन्हा नाकावर आला. आता कर्णिक कोपऱ्यावर वळले की मी त्यांना ओळखतो, पण तसं बोलून दाखवत नाही. काल ते न खोकता आत शिरत होते.

"कोण?" मी विचारलं.

ते खोकले.

गोळी मी स्वतः घेतो. श्यामसुंदरकडे पुन्हा जायला अजून वेळ आहे. साखरेचा डबा पेटीतच आहे. पेटीची किल्ली शोधायची राहिली आहे.