सुटावरच्या लाटा

रुपरावांच्या छातीवर इंद्रधनुष्य उगवलं होतं, आणि ते पुसायची जबाबदारी त्यांच्याच मुलावर येऊन पडली होती.

मुलाचं नाव अश्विन. सदर भागातल्या एका फोटो स्टुडिओत तो लग्नाचे फोटो सुधारायचा. नवरदेवाची पुटकुळी, फोटोत मागून जांभई देत निघालेले कोणाचे तरी मावसे, असलं सगळं तो चार वर्षं मुकाट्याने पुसत आला होता. बहिणीच्या, म्हणजे मिनलच्या लग्नाचे फोटो त्याच्याच स्टुडिओने काढले, तेव्हा घरच्यांना वाटलं, आपला माणूस आहे, काळजी नाही. काळजी तिथूनच सुरू झाली.

फोटो होता व्याहीभेटीचा. मांडवात दोन्ही बाप एकमेकांना कडकडून भेटतात, तो. त्याच्याआधी दोघांनी एकमेकांना सुटाचं कापड दिलं होतं आणि दोघांनी मिळालेलंच शिवून घातलं होतं. रुपरावांनी मिनलच्या सासऱ्यांना, कन्हानच्या गोविंदरावांना, गडद निळं दिलं, गोविंदरावांनी रुपरावांना राखाडी, त्यात अगदी बारीक चौकडी, डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारी. प्रत्यक्षात सूट झकास. फोटोत मात्र त्या चौकडीवर हिरव्या-जांभळ्या लाटा पसरल्या होत्या, पाण्यावर रॉकेल सांडावं तशा.

रुपरावांनी तो फोटो मनीषनगरच्या घरी टीव्हीवर लावून पाहिला, उभं राहून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. मग कपाटातून सूट काढला आणि खिडकीत धरला. सूट राखाडी होता. फोटोत सूट रंगीत होता. यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो चाळीस वर्षं तहसिलीत काढलेल्या माणसालाच सुचू शकतो.

"कापड खोटं हाय," ते म्हणाले. "डोयाले जे दिसत नाही ते कॅमेऱ्याले दिसते. एक्सरे तसाच असते."

अश्विनने समजावलं. कापडाच्या रेघा बारीक, कॅमेऱ्याच्या आत ठिपक्यांच्या रांगा, त्याही बारीक. दोघांचं माप जवळजवळ सारखं झालं पण अगदी सारखं नाही झालं, की जुळता जुळता चुकामूक होते आणि त्या चुकामुकीतून तिसरीच नक्षी उगवते. त्याने मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक धरून हलवूनही दाखवलं. लाटा आल्या. रुपरावांनी त्या नीट पाहिल्या आणि म्हणाले, हे मच्छरदाणी हाय, मी सुटाचं बोलून राहिलो.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. रविवारी मिनल सासरच्यांना घेऊन जेवायला यायची होती आणि रुपरावांनी ठरवलं होतं, की जेवण झाल्यावर, पान खायच्या आधी, सूट घडी करून सगळ्यांसमोर परत द्यायचा. अश्विनची आई पंचफुला म्हणाली, जेवायच्या आधी दिला तर स्वयंपाक तरी वाचेल. मिनलने फोन करून भावाला एकच सांगितलं होतं, की दादा, मले त्या घरात राहायचं हाय, तू काहीतरी कर. लग्नाला अठरा दिवस झाले होते.

अश्विनने केलं. स्टुडिओत बसून त्याने फक्त सुटाचा भाग निवडला आणि त्यातला रंग वेगळा काढून धूसर केला. हिरवं-जांभळं गेलं. उजेड-अंधाराच्या पट्ट्या मात्र राहिल्या, कारण रंग हा त्यातला सोपा भाग असतो. तरी बरंच निवळलं होतं. त्याने लॅपटॉप घरी नेला आणि वडिलांपुढे ठेवला.

रुपरावांनी स्वतःचा मोबाईल काढला, लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो घेतला आणि तो अश्विनपुढे धरला. आता लाटा नुसत्या सुटावरच नव्हत्या. मांडवावर होत्या, झुंबरावर होत्या, गोविंदरावांच्या गालावरून कानाकडे चालल्या होत्या.

"पाह्य," रुपराव म्हणाले, "इवायाचं तोंडही खोटं निंगालं."

अश्विन म्हणाला, बाबा, पडद्याचे ठिपके वेगळे, मोबाईलचे वेगळे, पडद्याचा फोटो घेतला की असंच होते. रुपराव म्हणाले, तू आता ठिपके नको सांगू गा, लहानपणी तुले गोवर निंगाला तवाही तू ठिपक्याचंच कारण सांगून शायेत गेला नाई.

त्या दिवशी अश्विनलाही शंका यायला लागली. पडद्यावर फोटो लहान करून पाहिला की सुटावर नव्याच लाटा दिसत, मूळ मापात आणला की त्या जात आणि जुन्या तेवढ्या उरत. म्हणजे काही लाटा फोटोत होत्या आणि काही फोटो बघण्यात होत्या. कोणत्या पुसायच्या आणि कोणत्या फक्त नजरेआड होऊ द्यायच्या, हे ठरवता ठरवता शुक्रवार गेला. स्टुडिओच्या मालकीणबाई चारुशीलाताई मागून जाता जाता म्हणाल्या, पुसायचं तर पुरतं पूस, अर्धवट पुसलेल्या गोष्टीकडे लोक जास्त बघतात.

म्हणून शनिवारी त्याने पुरतं पुसलं. पट्ट्या सपाट केल्या, सगळीकडे एकसारखा राखाडी रंग आणला. लाटा गेल्या. त्यांच्याबरोबर चौकडीही गेली, कारण लाटा आणि चौकडी एकाच जागी राहत होत्या आणि एकीला घराबाहेर काढताना दुसरीला थांबवून ठेवणं त्याला जमलं नाही. दुसऱ्या फोटोतून चौकडी उचलून चिकटवावी म्हटलं, तर वडील जवळून आलेला एकही फोटो नव्हता. पण साफ दिसत होतं. रुपराव टीव्हीसमोर बराच वेळ बसले आणि म्हणाले, ठीक हाय. अश्विनने आनंदाने तो फोटो मिनलला पाठवला, मिनलने सासरच्या ग्रुपवर टाकला, आणि रविवारी अकरा वाजता गोविंदराव दारात उभे राहिले ते तोंड पाडूनच.

त्यांनी पाणी घेतलं नाही. पंचफुलाने दोनदा विचारलं तेव्हा ते भिंतीकडे बघत म्हणाले, की माणसाले दिलेलं कापड आवडलं नसंल तर त्यानं तसं सांगावं, पण भर मांडवात दुसराच साधा सूट घालून गळाभेट घेऊ नये. मी चौकडी देल्ली होती. फोटोत चौकडी नाई.

फोटोत लाटा दिसल्या तर गोविंदराव खोटे ठरत होते, नाही दिसल्या तर रुपराव. मिनल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून भावाकडे अशी बघत होती, जसं घराला आग लावणाऱ्याकडे बघतात, त्यातही तो अग्निशमन दलात असेल तर.

रुपराव उठून आत गेले आणि सूट घालून बाहेर आले. मे महिन्यात, बनियनवर.

"हा पाहा तुमचा सूट. हाच होता."

गोविंदरावांनी जवळून पाहिलं. चौकडी होती. फोटोत नव्हती. आता ते रुपरावांपेक्षाही जास्त गोंधळले, कारण रुपरावांकडे निदान एक्सरेचा सिद्धांत होता.

अश्विनला दुसरं काही सुचलं नाही. त्याने गोविंदरावांच्या हातात मोबाईल दिला, कॅमेरा चालू केला आणि म्हणाला, काकाजी, बाबाच्या छातीवर धरा अन् हळूहळू मागं सरका. गोविंदराव मागे सरकले. जवळून चौकडी दिसली, एकेक घर मोजता येईल अशी. चार पावलांवर लाटा सुरू झाल्या. त्या प्रत्येक पावलाला रुंद होत, वळत, रंग बदलत. आणखी मागे, पार सोफ्यापर्यंत गेल्यावर सगळं शांत झालं, सूट साधा राखाडी. ते पुढे आले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. रुपराव मधोमध घाम पुसत उभे.

"म्हंजे जवळून खरं," गोविंदराव म्हणाले, "दुरून साधं, अन् मधात भूत."

"भूत नाई, काकाजी. सूट एकच हाय."

मग रुपरावांनी मोबाईल घेतला आणि सूट गोविंदरावांच्या खांद्यावर टाकून तेही सरकले. त्यांनाही भूत दिसलं. दोघांचं एकमत झालेलं अश्विनने पहिल्यांदाच पाहिलं, त्याचा जीव भांड्यात पडला, आणि त्या भरात तो एक वाक्य जास्त बोलून गेला. म्हणाला, जाडंभरडं असतं तर असं झालंच नसतं, बारीक चौकडीलेच होते हे.

गोविंदरावांची मान ताठ झाली. त्यांनी पाणी मागितलं, पिऊन टाकलं आणि पंचफुलाला सांगितलं, की पोट्टा म्हणते कापड इतकं बारीक हाय का कॅमेऱ्याले झेपलं नाई. भाजी वाढून घेताना त्यांनी हे परत सांगितलं. ताक पिताना मिनललाही सांगितलं, जी तिथेच होती. अश्विनने परत लावलेला मूळ, लाटांचा फोटो टीव्हीवर होता आणि गोविंदराव घास घेत तिकडे प्रेमाने बघत होते.

रुपरावही बघत होते. पण ते फोटोतल्या गोविंदरावांच्या अंगावरच्या निळ्या सुटाकडे बघत होते. त्यावर काहीच नव्हतं.

हात धुवायच्या निमित्ताने त्यांनी अश्विनला मोरीपाशी गाठलं.

"मी देल्लेल्यावर लाटा काहून नाई?"

"ते प्लेन हाय, बाबा. त्याच्यात रेघाच नाई."

"सीताबर्डीत तीन घंटे बसून घेतलं ते मी. उद्या सारं कन्हान म्हणन, रुपरावानं इवायाले पोतं देल्लं." त्यांनी नळ बंद केला. "टाक."

"काय टाकू?"

"लाटा. जास्त नको. त्याच्याइतक्याच."

अश्विनने टीव्हीकडे पाहिलं, मग बाहेर पान खात बसलेल्या गोविंदरावांकडे, मग मिनलकडे. लग्नानंतर पहिल्यांदाच ती निवांत भांडी घासत होती. तो हो म्हणाला.

सोमवारी स्टुडिओत त्याने बारीक रेघांच्या दोन जाळ्या काढल्या, एकीला तीन टक्क्यांनी मोठं केलं, किंचित वळवलं आणि दोन्ही एकमेकींवर ठेवून निळ्या सुटावर बसवल्या. लाटा आल्या. खऱ्यापेक्षा बऱ्या आल्या. चारुशीलाताईंनी मागून पाहिलं आणि विचारलं, यातल्या कोणाच्या काढायच्यात? अश्विन म्हणाला, कोणाच्याच नाही. त्या अल्बमच्या चिठ्ठीवर 'लाटा ठेवणे' असं लिहून सही करून गेल्या.

अल्बम कन्हानला पोचला त्या दिवशी दुपारी मिनलचा फोन आला. आवाज दबका. सासऱ्यांनी निळा सूट हँगरला लावून ओसरीवर टांगला होता आणि सकाळपासून ते मोबाईल धरून पुढे-मागे होत होते. फोटोत एवढ्या लाटा आहेत, मग कापडात दिसत का नाहीत, असं विचारत होते. चहाही घेतला नव्हता.

अश्विनने खुर्ची मागे रेटली. खरं सांगावं तर पोतं, न सांगावं तर कापडाचा पुन्हा एक्सरे.

"अजून मागं सरकायला सांग," तो म्हणाला.

फोनवर मिनलने ते मोठ्याने सांगितलेलं ऐकू आलं. मग चपलांचा आवाज, दूर जाणारा.

"फाटकापाशी गेले दादा. दिसत नाई म्हणून राहिले."

"अजून थोडं मागं," अश्विन म्हणाला.