कॅमेरा क्रमांक सात

माझ्यावरचा मेमो मीच टाइप केला.

"लिही," विजयसिंह भैय्या खुर्चीत मागं रेलून म्हणाला. "विषय, कामाच्या वेळेत जागेवर नसणे. नाव, तुझंच."

"हो, भैय्यासाहेब."

अकरा दिवस मी या मेमोची वाट बघत होते. तेजूच्या वेळी कळांचीसुद्धा इतकी वाट बघितली नव्हती.

पाटोद्याच्या रस्त्यावर सुंदररावअण्णांची डेअरी आहे. त्रेसष्ट माणसं कामाला. मी आस्थापनेची कारकून, म्हणजे हजेरी, रजा, नोटिसा, सगळे कागद माझ्या हातचे. अण्णा राजकारणात गुंतलेले, म्हणून कारभार पोराकडं. भैय्यानं गेल्या वर्षी अंगठ्याची हजेरी आणली, कॅमेरे आणले. प्रत्येकाकडून संमतीपत्र मीच भरून घेतलं. ‘माझ्या बोटांचा ठसा केवळ हजेरीसाठी घेण्यात येत आहे.’ हे वाक्य माझं. वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. मनकर्णामावशीचा ठसा तेवढा उमटेना. पंधरा वर्षं ऊस तोडून तिच्या बोटांवरच्या रेघाच गेल्यात. मशीन तीनतीनदा नाही म्हणायचं, आणि पॅकिंगला सगळ्यांच्या आधी येणारी मावशी कागदावर गैरहजर. मी तिच्यासाठी वही ठेवली. भैय्या चिडला होता, पण मी सांगितलं, ठसा येत नसेल तर दुसरी सोय द्यावीच लागते.

कॅमेऱ्यांची नोटीसही माझीच. गेट, वजनकाटा, कॅन उतरवायची जागा, पॅकिंग, शीतगृह, ऑफिस. सहा. गेटवर काचेत लावली आहे ती. सातवा कॅमेरा माझ्या एकाही कागदात नव्हता.

तेजू नऊ महिन्यांची. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, अकराला आणि तीनला तिला गेटवर घेऊन येतात. पंधरा महिन्यांपर्यंत पाजायला दोनदा सुट्टी द्यायचा कायदाच आहे. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत मी बसायचे. ओठाला दूध लावून झोपते पोरगी, आणि झोपेतच एकदा हसते. त्या हसण्यासाठी मी दोन मिनिटं जास्त बसायचे, हे खरं.

एका दुपारी भैय्या पॅकिंगच्या बायकांसमोर म्हणाला, "काय गं, काल तेवीस मिनिटं? म्हैस बी इतका येळ घेत न्हाई पान्हा सोडायला."

दोन ड्रायव्हर हसले. मी खाली बघितलं. पण घरी जाताना रिक्षात एकदम लक्षात आलं, तेवीस कुणी मोजली? त्या खोलीच्या दाराला हजेरीचं मशीन नाही. बाहेरच्या बोळात कॅमेरा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णामावशीला हळूच विचारलं, "मावशी, खोलीत वर ते पांढरं गोल काय आहे?"

"धुराची घंटी म्हनून बसवली की भैय्यानं." तिनं केसांवरची जाळी नीट केली. "पर परवा खव्याच्या भट्टीचा धूर खोलीत कोंडला, आमी खोकून खोकून मेलो. ती मेली वाजली न्हाई."

मग ती खालमानेनं म्हणाली, "पोरी, आमी तिथं लुगडी सोडतो."

त्या रात्री तेजूला पाजताना मी घराच्या छताकडं बघितलं. माझ्याच घराच्या छताकडं. तिथं मी ठरवलं, याला सोडायचं नाही. नोकरी गेली तरी.

पाटोद्याच्या कोर्टात योगिता वकीलताई बसतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडं गेले. आधी म्हटलं, मी ते गोल उपटून त्याच्या टेबलावर आपटते.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "तू उपटलंस की तो म्हणेल हिनंच बसवलं. चित्रीकरणाची कॉपीसुद्धा काढायची नाही. असलं चित्र तुझ्या फोनमध्ये सापडलं तर तुझ्याच गळ्यात येईल. पोलिसांनी मशीनसकट जप्त केलं पाहिजे."

"मग त्याला हे करता येतं तरी किती, ताई? मशीनवर अंगठा घेतो, मेल वाचतो."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "गेटला, कामाच्या जागेवर कॅमेरा, तो बी सांगून, चालतो. चोरी होते, अपघात होतो. अंगठा हा नाजूक माहितीत धरलाय, लेखी संमती पाहिजे, आणि ज्याच्यासाठी घेतला त्यालाच वापरायचा. ऑफिसच्या मेलबद्दल आधी कळवलंय ना?"

"मीच परिपत्रक काढलंय. ‘कार्यालयीन ईमेल व्यवस्थापन पाहू शकते.’"

"तर बघू दे. तुझा खासगी मेल मात्र ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडू नकोस. नवा डेटाचा कायदा झालाय, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं दोन हजार सत्तावीसच्या मेपासून लागू होणार. त्याच्यावर आज भिस्त नको. आणि गरज बी नाही. बाईला जिथं कुणी बघणार नाही असा भरवसा असतो, तिथं तिला उघडं टिपणं, हा सरळ गुन्हा आहे. न्याय संहिता, कलम सत्याहत्तर. कुठल्याच संमतीपत्राच्या आड त्याला लपता येणार नाही."

"किती शिक्षा?"

"एक ते तीन वर्षं. पण पहिल्या वेळी जामीन मिळतो, आधीच सांगते. संध्याकाळी घरी जाईल."

"जाऊ दे. नाव तर लागेल."

"तक्रार आजही घेतील. पण अण्णांचं घर आहे. नुसता संशय घेऊन गेलीस तर पोलीस पोचायच्या आत फोन पोचेल, आणि छतावर भोक उरेल. रेकॉर्डर किती दिवस ठेवतो?"

खरेदीचा कागद माझ्याच फाइलीत होता. "पंधरा दिवस. मग जुनं आपोआप पुसतं."

"मग पंधरा दिवसांच्या आत त्याच्याच तोंडून, सही-शिक्क्यानं काढून घे."

मी परत आले ती नोटीस घेऊनच. ‘महिला खोलीत झुरळांचे औषध मारले आहे, कपडे शीतगृहामागच्या रिकाम्या खोलीत बदलावेत.’ मनकर्णामावशीनं एकेकीला नीट समजावलं, आणि नव्या खोलीचं छत झाडूच्या दांड्यानं ठोकून बघितलं. तेजूला मी गेटबाहेर आत्यांच्या पदराआड पाजू लागले.

पण अकराला आणि तीनला मी त्या जुन्या खोलीतही जायचे. एकटी. गळ्यापर्यंत शाल घेऊन, भिंतीवरच्या घड्याळासमोर बसायचे. सव्वीस मिनिटं. मग एकोणतीस. मग एकतीस. मोज, मी मनात म्हणायचे. मोज माझ्या राजा, नीट मोज.

चार दिवस झाले, पाच झाले. तो नुसता टोमणे मारी, कागद काही काढीना. दहाव्या दिवशी मी ऑफिसच्या मेलवरून तलवाड्याच्या दूध संकलन केंद्रातल्या सुनिताला लिहिलं. ‘भैय्या नुसता बोलतो. माझ्यावर मेमो काढायची त्याची हिंमत नाही. अण्णांना विचारल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नाही.’

सुनिताचं उत्तर यायच्या आधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्यानं मला केबिनमध्ये बोलावलं.

"हिंमत काढतीस माझी? लिही."

म्हणून मी लिहीत होते. शेवटच्या ओळीत अठ्ठेचाळीस तासांत खुलासा मागितला, तोही मीच व्याकरण सुधारून घातला. मग हात थांबवले.

"भैय्यासाहेब, संदर्भ राहिला."

"कसला संदर्भ?"

"विषयाखाली संदर्भाची ओळ असते. ती रिकामी ठेवली तर पत्राला वजन येत नाही. उद्या कुणी विचारलं, कशाच्या आधारावर, तर आपलीच पंचाईत."

आमच्याकडं संदर्भाशिवाय चहाचं बिलसुद्धा पुढं सरकत नाही. त्यानंही हे लहानपणापासून अण्णांच्या टेबलावर बघितलेलं. त्यानं मान हलवली आणि खिशातून फोन काढला.

"घाल. कॅमेरा क्रमांक सात, महिला कक्ष, चित्रीकरण."

मी टाइप केलं. "तारखा?"

"थांब." तो अंगठ्यानं फोनवर वर-वर सरकवत गेला. वाचत गेला. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. तेवीस मिनिटांचा तो दिवसही होता, ज्या दिवशी मला काही माहीत नव्हतं आणि मी ब्लाऊजची हुकं सोडून, पोरीच्या केसांवर फुंकर घालत बसले होते. तो दिवस त्यानं फोनवर थांबून बघितला. मी कीबोर्डवरची नजर उचलली नाही. उचलली असती तर सगळं बिघडलं असतं.

"झालं?"

"सही आणि शिक्का, भैय्यासाहेब. दोन प्रतींवर. एक माझी."

त्यानं सही केली. शिक्का स्वतः मारला, जोरात. मी जावक क्रमांक घातला, पोच म्हणून माझी सही केली आणि नम्रपणे विचारलं, "आज अर्धी रजा मिळेल का? पोरीला ताप आहे."

"जा. कायमचीच जायची तयारी ठेव."

पोरीला ताप नव्हता. ती योगिताताईंच्या टेबलावर बसून शिक्क्याची डबी वाजवत होती.

ठाण्यात बाई फौजदारानं माझा जबाब लिहून घेतला. गेटवरच्या नोटिशीची प्रत मी पुढं ठेवली, सहा कॅमेरे. शेजारी मेमो ठेवला, सातवा. बाईंनी दोन्ही कागद वाचले, मग पुन्हा मेमो वाचला.

"हे त्यानं स्वतः लिहून दिलं?"

"सही त्याची. टाइप मी केलं."

त्या हसल्या नाहीत, पण पेनचं टोपण त्यांनी जरा जोरात लावलं.

चार वाजता जीप डेअरीत आली. पंचांसमोर ते पांढरं गोल छतावरून निघालं, वायर केबिनपर्यंत गेली, रेकॉर्डर काढला, भैय्याचा फोनही. तो आधी ओरडला, मग धुराच्या घंटीचं सांगू लागला. फौजदारबाईंनी मेमो समोर धरला. "ही सही कुणाची?"

"तिनं लिहून घेतलं माझ्याकडून!"

"सही कुणाची?"

पॅकिंगच्या सगळ्या बायका दारात उभ्या होत्या. भैय्यानं त्यांच्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच कुणीही खाली बघितलं नाही. मनकर्णामावशी म्हणाली, "सांग की भैय्या. का आमच्यासारकी बोटं झिजली तुजी?"

अण्णांची गाडी धुरळा उडवत आली. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, घरातलं घरात मिटवू. मी आत्ता ती मशीन फोडून टाकतो, तुझ्या डोळ्यांसमोर."

अकरा दिवसांपूर्वी मला तेच तर पाहिजे होतं.

"फोडू नका, अण्णा," मी म्हटलं. "ती आता तुमची नाही."

तो संध्याकाळी जामिनावर सुटला. गेटवर फटाके लावायला कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी कामावर गेले. अकराला तेजूला मांडीवर घेतलं, भैय्याच्या रिकाम्या केबिनचं दार लावलं आणि भिंतीवरचं घड्याळ उलटं करून ठेवलं. ती पोटभर प्याली, झोपली, झोपेत हसली. मी हललेच नाही. मग एका हातानं कीबोर्ड पुढं ओढला. अठ्ठेचाळीस तास अजून संपले नव्हते, आणि खुलासा द्यायचा राहिला होता.

‘विषय: मेमोचा खुलासा,’ मी टाइप केलं. त्याखाली संदर्भाच्या दोन ओळी घेतल्या. पहिल्या ओळीत त्याच्या मेमोचा जावक क्रमांक घातला. दुसऱ्या ओळीत गुन्हा नोंद क्रमांक, कलम सत्याहत्तर, आरोपीचं पूर्ण नाव.

त्याच्याखाली काहीच लिहिलं नाही. सही केली आणि जावक केलं.