जुनी खूण

प्रवास शेअर : बंद.

घरोघरी जाऊन पेशंट पाहणारी ती नर्स. जाताना ती प्रवास कुणालाच दाखवत नसे. ॲपमध्ये शेअर केलं की वाटेसोबत पोचायचं ठिकाणही दिसतं, आणि ते ठिकाण म्हणजे पेशंटचं घर.

सासूबाईंना हे पटत नसे. "येताना बरी दाखवतेस! दिवसभर कुठे असतेस, ते काय गुपित?"

"आई, गुपित माझं नाही."

पेशंटपैकी एक गणिताच्या बाई. नवऱ्याला शाळेत शिकवलेल्या. घर चालत दहा मिनिटांवर. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "मी अशी कुणाला दिसता कामा नये. कळलं, तर तू पुन्हा यायचं नाहीस."

प्रवास शेअर : चालू.

दुपारी बाईंकडून निघताना तिने घरचा रस्ता लावला आणि सासूबाईंना दाखवला. घराशी पोचताच शेअर आपोआप संपलं. गाडी मिळेल तिथे घुसवली. पाय भरून आले होते. रोज ती गाडीची जागा जतन करून नवऱ्याला पाठवी; चारच्या पाळीला गाडी तो नेत असे. आज पाठवली. जतन करायची मात्र राहिली. गेली ती बाईंच्या गल्लीतली जुनी खूण. तिथल्या गल्ल्या सारख्या दिसतात म्हणून तिथे गाडी लावताना जतन केलेली.

अंथरुणाला पाठ टेकली आणि फोन वाजला.

"अगं, गाडी कुठाय? खुणेपाशी उभा आहे, इथे स्कूटरसुद्धा नाही."

ती ताडकन उठली. "परत फीर. आत्ता. गाडी आपल्याच घराखाली आहे."



"अगं," त्याचा आवाज उतरला, "समोरच्या खिडकीत आमच्या बाई आहेत. नळी..."

"तू काही पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं."

ॲपमधली जुनी खूण तिने पुसली. त्याने पाहिलेलं कसं पुसणार? गप्प बसता आलं असतं. थकव्याने तेच सुचवलं. पण उद्या त्याच हाताने बाईंची नाडी धरायची होती.

तिने बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. चूक आपली, हेही.



"दिसला मला," बाई म्हणाल्या. "मला बघून खांबाआड लपला. एवढा मोठा बाप्या, त्या एवढ्याशा खांबाआड."

"बाई, दुसरी नर्स पाठवायला सांगू का?"

दम खात खात उत्तर आलं. "तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावत बसू? तेवढा श्वास नाही माझ्याकडे. तू ये. त्याला मात्र आणू नकोस."

"नाही आणत."

"आणि विचारलंच त्याने, तर... राहू दे. काही सांगू नकोस."

फोन ठेवून ती जिन्याकडे निघाली. नवरा परत येत होता, आणि गाडी खरोखर कुठे लावली, हे तिला नीट आठवत नव्हतं.