नवऱ्याच्या नावाची सीट

"बुकिंगवर दोन प्रवासी आहेत. दुसरे कुठे आहेत?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

बाईंनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो बॅग वजनकाट्यावर ठेवत होता.

"दुसरा मीच," तो म्हणाला. "पण मी जाणार नाहीये. हिला ऐसपैस बसता यावं म्हणून शेजारची सीट घेतलीय. रिकामीच राहू द्या."

मुलीचे हात कीबोर्डवर थांबले.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. अंगाने चांगल्याच भरलेल्या. मागच्या विमानप्रवासात शेजारचा माणूस दोन तास सुस्कारे सोडत बसला होता, आणि खुर्चीच्या हाताने बाईंच्या मांडीवर काळानिळा वळ उठवला होता. तेव्हापासून त्यांनी विमानाचं नाव टाकलं होतं. पण आज संध्याकाळी चार वाजता धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं, मोठं आणि जोखमीचं. आत नेण्याआधी तिला भेटायचं, तर हेच विमान गाठायला हवं होतं.

"सर, असं होत नाही," मुलगी म्हणाली. "जादा सीट प्रवाशाच्याच नावाने, त्याच बुकिंगमध्ये घ्यावी लागते. जादा सीट म्हणून तशी नोंद होते. भाडं जवळपास तेवढंच, फक्त माणसामागचं विमानतळाचं शुल्क लागत नाही. ही सीट तुमच्या नावावर आहे. तुम्ही आला नाहीत, तर ती प्रतीक्षेतल्या प्रवाशाला जाणार."

"मग आता तशी नोंद करून टाका ना."

"नाव बदलता येत नाही. रद्द करून नवीन घ्यायची म्हटलं, तर विमान भरलंय. रद्द केलेली सीट आधी प्रतीक्षेतल्यांनाच मिळेल."

"म्हणजे पैसे पाण्यात?"

"या तिकिटावर प्रवासी आला नाही, तर फक्त कर परत मिळतो. जादा सीट म्हणून घेतली असती, आणि आम्ही देऊ शकलो नसतो, तर तिचं पूर्ण भाडं परत केलं असतं."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. मागे रांग होती, आणि रांगेतला प्रत्येक माणूस आपलं अंग मोजतोय असं त्यांना वाटत होतं. "अहो, फोन करून विचारायचं होतंत ना एकदा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"तूच म्हणालीस, माझ्या वजनाचं कुणाला सांगू नका."

ते खरंच होतं.

"रात्रीच्या विमानात दोन सीटा आहेत," मुलगी हळूच म्हणाली. "किंवा याच विमानात एका सीटवर जा. काउंटर दहा मिनिटांत बंद होईल."

"एका सीटवर जाते," बाई म्हणाल्या. "काय व्हायचं ते होऊ दे."

नवऱ्याने खिशातून ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. "दोघांचेही पास काढा."

बाई बघतच राहिल्या. हा माणूस घड्याळं दुरुस्त करणारा, अंगाने काडीसारखा. दुकान उघडायला निघालेला, पायात चपला. आणि नऊ वर्षांपासून मेहुणीचं तोंडही न पाहिलेला. एका जेवणात मेहुणीने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "ताईसाठी दोन खुर्च्या मांडा." सगळे हसले, बाईही हसल्या होत्या. हा मात्र ताटावरून उठला होता. बाईंनी बहिणीला केव्हाच माफ केलं होतं. याने केलं नाही.

"तुम्ही कुठे येताय? तिच्याकडे?"

"विमानात येतोय," तो म्हणाला. "पुढचं पुढे."

विमानात त्याने दोन खुर्च्यांमधला हात वर केला आणि खिडकीला चिकटून बसला. बाई मोकळ्या बसल्या, पण मन मोकळं नव्हतं. बहीण वाचेल का, आणि याला दारात बघून तिला काय वाटेल, याच विचारात त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

साडेतीनला दवाखान्यात पोचले, तेव्हा बहिणीला स्ट्रेचरवर घेतलं होतं. ती इतकी वाळली होती की चादरीखाली कुणी आहे असं वाटेना. ताईचा हात तिने घट्ट धरला. मग दाराशी उभा असलेला माणूस तिला दिसला.

"भावजी आलेत?"

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना खरं कारण सांगवेना.

बहिणीचे डोळे भरून आले. "मी फार वाईट बोलले होते, भावजी."

तो काहीच बोलला नाही. 'असू दे' म्हणाला असता तर काय बिघडलं असतं, असं बाईंना वाटून गेलं. पण स्ट्रेचर हललं तसा तो कडेने चालू लागला, थेट ऑपरेशनच्या दारापर्यंत.

पाच तासांनी डॉक्टर बाहेर आले. "ऑपरेशन झालंय. दोन दिवस गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

"तुम्ही उद्या परत जा. दुकान आहे," बाई म्हणाल्या.

"दोन दिवस थांबतो," तो म्हणाला, आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसला.