वाडगा हिसकावणारी सिस्टर

सणाच्या सकाळी आजीनं घर डोक्यावर घेतलं. बिस्किटांचा डबा तीनदा उघडला, तीनदा बंद केला. स्वतः विणलेल्या निळ्या शालीची घडी मोडून पुन्हा घातली. सून आरशासमोर दिसली तशी दारातूनच गरजली, "लग्नाला चाललीयस का गं? दवाखान्यात जायचंय!"

"आई, भेटायची वेळ अकराची आहे. आत्ता साडेनऊ वाजलेत."

"मग दारात उभं राहू. दाराला काय झिजायचंय?"

आजीचे पाय जमिनीवर नव्हते, त्याला कारण होतं. काल दुपारी आजोबांनी सगळ्यांच्या पंगतीत बसून, कुणी न भरवता, ताटभर जेवण संपवलं होतं आणि वर आणखी मागितलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा या माणसाला पाण्याचा घोटही गिळता येत नव्हता. नाकातून नळी घातली होती. त्याला परत गिळायला शिकवलं ते वॉर्डातल्या एका सिस्टरनं. आजी तिला 'फौजदार' म्हणायची. आधी रागानं, मग कौतुकानं.

रागाची गोष्ट घरात कुणाला पुरती ठाऊक नव्हती. तिसऱ्या दिवशी खाटेवर पाटी लागली होती, 'तोंडातून काही देऊ नये.' आजीचं शिक्षण तिसरीपर्यंतचं, पण पाटी तिनं वाचली होती. वाचून म्हणाली होती, उपाशी मारतात मेले! कुणी बघत नाहीसं पाहून तिनं घरून आणलेल्या सूपचा एक चमचा आजोबांच्या तोंडात घातला. घशाऐवजी तो श्वासाच्या वाटेनं गेला. ठसका लागला, चेहरा निळा पडला. फौजदार धावत आली, वाडगा हिसकावला, खाट वर करून त्यांना बसतं केलं, यंत्राच्या नळीनं घशातलं सूप ओढून काढलं आणि अख्ख्या वॉर्डासमोर ओरडली, "आजी, मारायचंय का त्यांना?"

असं आजीशी आजवर कुणी बोललं नव्हतं. तिनं सुनेकडून तक्रार लिहून घेतली: सूप मी स्वतः पीत होते, सिस्टरनं वाडगा ओढला, चारचौघांत अपमान केला. सही करून कागद दवाखान्याच्या तक्रारपेटीत टाकला. पेटीतले कागद कोण वाचतो, अशी तिची पक्की समजूत. पुढं ते ती विसरूनही गेली.

अकराच्या ठोक्याला दोघी वॉर्डात शिरल्या. फौजदार औषधांची गाडी ढकलत होती.

"अगंबाई, आजी! आजोबा कसे आहेत?"

"कसे म्हणजे? काल माझ्या ताटातलंसुद्धा पळवलं!"

"हनुवटी खाली धरून गिळतात ना? जेवल्यावर अर्धा तास बसून राहतात?"

"बसतात. घास गिळला की 'आ' म्हणायला लावते. आवाज ओला, घरघरता आला तर पुढचा घास नाही. पाणी दाट करायची पावडर मात्र आता लागत नाही, डॉक्टरांनी बघून बंद केली."

फौजदार अशी हसली की शेजारच्या खाटेवरचा पेशंटही हसला. आजीनं झटक्यात शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. फौजदारनं ती हळूच काढून परत दिली.

"आजी, स्वतःसाठी काही घेता येत नाही आम्हाला. बिस्किटं चालतील, पण सगळ्या वॉर्डाची. वहीत नोंद होईल."

"शाल काय लाच आहे का? चार महिने डोळे फोडून विणलीय!"

"म्हणूनच घरी न्या. नियम आहे."

डबा उघडला होता एका नव्या नर्सनं. तोंडात बिस्किट असतानाच ती म्हणाली, "काही द्यायचंच असेल तर चांगलं पत्र द्या ना. नव्या नर्सना शिकवायची जागा आहे, उद्या यांची मुलाखत. फाईलमध्ये एक तक्रार अडकलीय, उद्धट वागल्याची. तेवढ्यावरून…"

"गप्प बस गं तू," फौजदार म्हणाली.

आजीचे कान तापले. कसली तक्रार ते विचारायची गरजच नव्हती.

"तो कागद माझा होता."

"माहीत आहे, आजी."

"माहीत होतं? आणि तरी वीस दिवस चमच्यानं भरवत बसलीस?"

"आजोबांनी कुठं तक्रार केली होती?"

आजीला हसू आलं, आणि लगेच स्वतःचा असा संताप आला की पदर खोचून ती सरळ मेट्रनबाईंच्या खोलीकडे निघाली. मागून सून, तिच्यामागं "आजी, राहू द्या हो" करत फौजदार.

मेट्रनबाई निघायच्या घाईत होत्या. आजीनं दारातच सांगितलं, "माझा कागद काढा आणि फाडा."

"नोंदलेला कागद फाडता येत नाही. दुसरा जोडता येतो. पण तक्रार करणाऱ्याच्याच सहीचा, आणि काय घडलं ते लिहिलेला. 'सिस्टर फार प्रेमळ आहेत' नको, ते सगळेच लिहितात." त्यांनी फाईल उघडली. "सिस्टरनं त्या दिवशी लिहिलंय की नातेवाइकांनी तोंडातून सूप दिलं. तुम्ही लिहिलंय की सूप तुम्ही पीत होतात. दोन कागद एकमेकांकडे पाठ करून बसलेत."

सून चमकली. "आई तर म्हणाल्या होत्या, बाबांना आपोआप ठसका लागला…"

उभ्या जन्मात आजीनं सुनेसमोर हार मानली नव्हती. मीठ जास्त पडलं तरी ती मिठाला बोल लावायची. आत्ता 'गैरसमज झाला' असं मोघम सांगितलं असतं तर घरात मान राहिला असता. पण मोघम कागदाचा फौजदारला उद्या काय उपयोग?

सुनेनं हलकेच पेन उचललं. "तुम्ही सांगा, आई, मी लिहिते."

"ठेव ते! तुझ्या सुंदर अक्षरात मी फार सभ्य दिसते. माझं मी लिहिणार."

आजी खुर्चीत बसली. जीभ ओठांत धरून एकेक अक्षर कोरत गेली. मेट्रनबाईंनी खाटेचा नंबर आणि तारीख सांगितली, ती आधी घातली. मग लिहिलं:

'पाटी मी वाचली होती. तरी सूप मीच दिलं. मालक निळे पडले. सिस्टरनं वाडगा हिसकावला म्हणून ते वाचले. ती ओरडली ते खरं. मी असते तर थोबाडीत मारली असती. आधीच्या कागदात मी खोटं लिहवलं, सुनेला त्यातलं माहीत नव्हतं. ही बाई नव्या पोरींना शिकवेल तर त्या पोरी माणसं वाचवतील.'

मेट्रनबाईंनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून पुसला. "ही ओळ… थोबाडीतली… ठेवायची का?"

"खोडलीत तर सही करणार नाही."

आजीनं सही ठोकली. मेट्रनबाईंनी शिक्का मारला, वर तारीख टाकली आणि आजीचा कागद तक्रारीला टाचला. "उद्या मुलाखतीच्या पॅनेलपुढे दोन्ही कागद एकत्र जातील. निकाल माझ्या हातात नाही. पण अडकलेलं होतं ते मोकळं झालं, एवढं नक्की."

फौजदारनं दाराच्या चौकटीला टेकून डोळे पुसले. सून सासूकडे असं बघत होती, जणू घरात नवीनच कुणी राहायला आलंय.

"बघतेस काय? झाली चूक. तुझ्या कधी होत नाहीत?" आजीनं पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि हात पुढं केला. "बाई, आणखी एक कागद द्या. चमच्यानं भरवायचं तर अजून लिहायचंच राहिलंय."

"आजी, आता पुरे!" दारातून फौजदार ओरडली.

"बघा," आजी मेट्रनबाईंना म्हणाली, "अश्शी ओरडते. हेही लिहिते."